शेगडीजवळ गॅसचा वास येतोय आणि घर भाड्याचं आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यातल्या एका गॅस एजन्सीत नऊ वर्षं तक्रारीच्या टेबलावर बसले. वासाची तक्रार घेऊन येणाऱ्यांत भाडेकरू मोठ्या संख्येने असत आणि त्यांची अडचण बहुतेक वेळा तीच असे. सिलिंडर घरमालकाच्या नावावर, पुस्तक घरमालकाच्या कपाटात, घरमालक दुसऱ्या गावात, आणि वास मात्र यांच्या ओट्याखाली. ते तेव्हा जे प्रश्न विचारत, तेच खाली घेतले आहेत. सगळं लिहिलंय ते लाल सिलिंडरच्या गॅसबद्दल. इमारतीत पाइपलाइनचा गॅस असेल, तर त्या कंपनीचा तातडीचा नंबर बिलावर असतो, तिथे फोन करा.

आत्ता, या क्षणी वास येतोय. आधी घरमालकाला फोन करू का?

नाही. घरमालकाचा नंबर तिसरा.

आधी शेगडीची बटणं बंद आहेत का ते बघा आणि रेग्युलेटरची चावी बंद करा. दारं-खिडक्या उघडा. दिवा लागलेला असेल तर लागलेला राहू द्या, बंद असेल तर बंदच राहू द्या. बटण दाबताना आत बारीक ठिणगी पडते, मग तुम्ही दिवा लावत असा किंवा मालवत असा. एक्झॉस्ट फॅनचंही तसंच. वास घालवायला म्हणून लोक नेमका तोच लावतात. देवघरातलं निरांजन, उदबत्ती, गॅस गिझर, जे काही पेटलेलं असेल ते विझवा. मग घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि फोन बाहेरूनच करा.

पहिला फोन १९०६. ही सिलिंडरच्या गळतीसाठीची देशभराची हेल्पलाइन आहे, चोवीस तास चालते आणि कंपनी कुठलीही असली तरी नंबर हाच. गळतीची तक्रार करायला कनेक्शन तुमच्या नावावर असायलाच हवं असं काही नाही. पत्ता, मोबाइल नंबर आणि सिलिंडर कुठल्या कंपनीचा आहे एवढं सांगा. ग्राहक क्रमांक मिळाला तर काम लवकर होतं, पण तो नाही म्हणून फोन करायचा थांबू नका. वास जोराचा असेल, सिलिंडरमधून फुस्स असा आवाज येत असेल किंवा रेग्युलेटर बंद करूनही काही थांबत नसेल, तर अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ वर कळवा. घरमालक त्यानंतर.

एक गोष्ट खाली वाकूनच करावी लागते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, जवळजवळ दीड ते दोन पट. तो छताशी जात नाही, फरशीवर पसरतो, ओट्याखालच्या कप्प्यात आणि कोपऱ्यांत साचतो. भिंतीतला वरचा झरोका उघडून तो जाणार नाही. बाल्कनीचं दार, स्वयंपाकघराचं दार, जे जमिनीपर्यंत उघडतं ते आधी उघडा.

रेग्युलेटर बंद केला आणि वास गेला. मग एवढी घाई कशाला?

घाई आहेच, कारण रेग्युलेटर परत चालू केलात की गळतीही परत चालू होणार. पण वास गेला, ही माहिती फार मोलाची आहे. ती लिहून ठेवा, पुढे घरमालकाला आणि मेकॅनिकला तीच द्यायची आहे.

सिलिंडरच्या तोंडाशी एक झडप असते. तिच्या मधोमध एक पिन असते. रेग्युलेटरची चावी चालू केली की ती पिन खाली दाबली जाते आणि गॅस येतो. चावी बंद केली की पिन वर येते आणि झडप आपोआप मिटते. म्हणून चावी बंद केल्यावर वास विरत गेला, तर गळती झडपेच्या पुढे कुठेतरी आहे: झडप आणि रेग्युलेटर जिथे जुळतात तिथे, रेग्युलेटरमध्ये, नळीत किंवा शेगडीच्या बटणात. चावी बंद करूनही वास वाढतच राहिला, तर दोष सिलिंडरच्या झडपेत आहे. तेव्हा चावी बंद असतानाच रेग्युलेटर काढा, सिलिंडरच्या गळ्याला दोरीने बांधलेली प्लास्टिकची टोपी झडपेवर घट्ट दाबून बसवा आणि सिलिंडर उभाच ठेवून उघड्यावर न्या. टोपी बसवली की गळती थांबायला हवी. असा सिलिंडर एजन्सी बदलून देते. यात घरमालकाने बदलायचं काहीच नसतं.

ती टोपी बहुतेक घरांत सापडत नाही. मुलं खेळतात, नाहीतर सिलिंडर लावतानाच कोणीतरी दोरी कापून फेकून देतं. तुमची आहे का ते आजच बघा.

घरमालकाला ‘नळी बदला’ म्हणू की ‘रेग्युलेटर बदला’?

दोन्ही नको. हा एकच सल्ला लक्षात राहिला तरी पुरे आहे. काय बदलायचं ते तुम्ही ठरवू नका. वास कुठे, कधी येतो आणि काय केल्यावर थांबतो, ते सांगा.

आमच्याकडे आलेलं एक प्रकरण सांगते. धनकवडीत दोघी नोकरी करणाऱ्या मुली भाड्याने राहत होत्या, घरमालक काका साताऱ्याला. एका मंगळवारी त्यांनी काकांना व्हॉट्सॲपवर लिहिलं, ‘काका, गॅसचा वास येतोय, पाइप खराब झालाय वाटतं, बदलून द्या.’ काकांचं उत्तर आलं, ‘रविवारी येतो, बघू.’ रविवारी काका खरोखर आले, दुकानातून नवी नळी घेऊन आले आणि स्वतः बसवून गेले. माणूस भला होता. सोमवारी सकाळी चहा ठेवायला गेल्यावर परत वास. मग मुलींनी लिहिलं, ‘रेग्युलेटर खराब आहे, तो बदला.’ आता काका वैतागले. आत्ता तर पैसे घातले, या मुलींना उगाच वास येतो, असं त्यांना वाटणं साहजिक होतं.

मग एक मुलगी आमच्या टेबलाशी आली. मी तिला एवढंच विचारलं, ‘वास पहिल्यांदा कधी आला?’ ती म्हणाली, ‘सोमवारी रात्री.’ ‘आणि त्याच्या आधी घरात काय बदललं होतं?’ थोडा विचार करून म्हणाली, ‘सोमवारी दुपारी नवीन सिलिंडर लावला.’ नळी जुनी होती हे खरं, पण ती त्या दिवशी अचानक खराब झाली नव्हती. त्या दिवशी घरात नवीन आलं होतं ते सिलिंडर. मेकॅनिक गेला, रेग्युलेटर काढला, झडपेच्या तोंडातली काळी रबरी रिंग बघितली. एका बाजूने चिरली होती. ती बदलली, साबणाचा फेस लावून बघितला, काम संपलं. नवी नळी, रविवारचा फेरा आणि काकांचा राग हे सगळं त्या अंगठीएवढ्या रिंगपायी झालं होतं.

या रिंगला मेकॅनिक वायसर म्हणतात, कोणी ओ-रिंग म्हणतात. ती रेग्युलेटरची नसते, सिलिंडरच्या झडपेची असते. म्हणजे दर नव्या सिलिंडरबरोबर नवी रिंग येते, चांगली किंवा वाईट. रेग्युलेटर सिलिंडरमधला कित्येक किलोंचा दाब उतरवून चौरस सेंटिमीटरला साधारण तीस ग्रॅमवर आणतो. नळीत जातो तो हा उतरवलेला दाब. रिंग मात्र रेग्युलेटरच्या अलीकडे बसते, तिच्यावर सिलिंडरचा पूर्ण दाब असतो. म्हणून तिथली छोटीशी चीरही जोरात बोलते. सिलिंडरच्या तोंडाशी सूं-सूं आवाज येत असेल तर आधी संशय तिचा घ्यावा.

मग वास कशाचा आहे हे घरबसल्या ओळखता येतं का?

अंदाज येतो, निदान मेकॅनिकने करायचं. नवा सिलिंडर लावल्या दिवसापासून वास येत असेल तर रिंग. सिलिंडर तोच, पण काही दिवसांपासून शेगडीकडच्या बाजूला वास येत असेल तर नळीचं टोक. नळी नेहमी तिथेच आधी कडक होते, कारण बर्नरची धग तिथे लागते आणि शेगडी पुसताना सगळ्यात जास्त हलते ती तिथेच. नळी हलक्या हाताने वाकवून बघा, सुरकुत्यांसारख्या बारीक भेगा दिसल्या तर तिचं आयुष्य संपलं. मधेच कुरतडल्यासारखं दिसलं तर उंदीर. तळमजल्यावरच्या आणि जुन्या वाड्यांतल्या खोल्यांत उंदराचं प्रकरण आम्ही वरचेवर बघायचो. नळीवर शोभेचं जाळीदार वेष्टण चढवलेलं असेल तर ते काढून टाका. त्याच्याआड ना भेग दिसते ना उंदराचे दात.

शेगडीच्या बटणापाशीच वास येत असेल, किंवा बटण बंद करूनही बर्नरवर निळी टिकली तेवत राहत असेल, तर बटणाच्या आतलं ग्रीस वाळलं आहे. ते सर्व्हिसिंगचं काम.

साबणाच्या पाण्याने तपासणं सगळ्यांना माहीत असतं. घरात वास भरलेला नसताना, खिडक्या उघड्या ठेवून, शेगडीची बटणं बंद आणि रेग्युलेटर चालू करून जोडांवर फेस लावायचा. बुडबुडे फुगू लागले की गळती तिथे. लगेच रेग्युलेटर बंद. हे जमणार असेल तरच करा, भीती वाटत असेल तर रेग्युलेटर काढून, टोपी लावून मेकॅनिकची वाट बघा. काडी पेटवून तपासणारी माणसं अजून आहेत, म्हणून लिहिते: काडीने तपासू नका.

घरमालक म्हणतात, ‘सिलिंडर संपत आला की वास येतोच.’ खरं आहे का?

अर्धं खरं आहे, म्हणूनच घातक आहे.

गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन नावाचं द्रव्य अगदी थोडं मिसळतात, सडक्या कोबीसारखा वास असतो तो त्याचा. हे द्रव्य गॅसपेक्षा सावकाश उडतं, त्यामुळे सिलिंडर तळाला गेला की उरलेल्या गॅसमध्ये त्याचं प्रमाण वाढतं आणि वास जास्त येतो. इतपत घरमालकाचं बरोबर आहे. पण गॅस बाहेर आल्याशिवाय वास बाहेर येत नाही. शेगडी पेटवताना क्षणभर येणारा वास वेगळा. शेगडी बंद असताना वास येत असेल तर सिलिंडर भरलेला असो की संपत आलेला, कुठूनतरी गळतंय.

याची दुसरी बाजू अशी की नाक सरावतं. अर्धा तास त्याच घरात बसलेल्या माणसाला वास कळेनासा होतो. ‘आता येत नाही’ असं वाटलं तर बाहेरून आलेल्या शेजारणीला दारात उभं राहून सांगायला सांगा. सर्दी झाली असेल तर स्वतःच्या नाकावर मुळीच विसंबू नका.

गळती नसतानाही वास येण्याचं एक नेहमीचं कारण आहे: दूध उतू जाऊन बर्नर विझतो आणि बटण चालूच राहतं. तेवढं बघून घ्या म्हणजे घरमालकाला फोन केल्यावर लाज वाटायची वेळ येणार नाही.

घरमालकाला नेमकं काय लिहू?

फोन करा, पण फोन संपल्यावर तेच लेखी पाठवा. व्हॉट्सॲप चालतं. त्यात वेळ, खूण, तुम्ही काय केलं आणि तुम्हाला काय हवंय एवढंच असू द्या. धनकवडीच्या त्या मुलींना पुढच्या वेळेसाठी मी जो मजकूर लिहून दिला होता, तो असा:

‘नमस्कार काका. आज रात्री ९.४० पासून स्वयंपाकघरात सिलिंडरजवळ गॅसचा वास येतोय. शेगडीची दोन्ही बटणं बंद होती. रेग्युलेटर बंद केल्यावर पंधरा मिनिटांत वास गेला. हा सिलिंडर कालच लावला आहे. आम्ही दारं-खिडक्या उघडून बाहेर थांबलो आहोत आणि १९०६ वर तक्रार केली आहे. कनेक्शन तुमच्या नावावर आहे, म्हणून गॅसच्या पुस्तकाच्या पहिल्या पानाचा फोटो आणि एजन्सीत नोंदवलेला मोबाइल नंबर लगेच पाठवा. त्या नंबरवर एजन्सीचा फोन आला तर उचला. मेकॅनिकने नळी किंवा रेग्युलेटर बदलायला सांगितलं तर आजच बदलून घेते, जुन्या नळीचा फोटो आणि पावती पाठवते. दुरुस्ती होईपर्यंत गॅस वापरणार नाही.’

यात कुठे राग नाही आणि ‘तुम्ही लक्ष देत नाही’ असंही नाही. भरीला, घरमालकाला साताऱ्याहून यावं लागत नाही. त्यांनी करायच्या कामाला दोन मिनिटं लागतात. अडून बसणारे घरमालक बहुतेक पैशांपायी अडत नाहीत, खेपेपायी अडतात, असं माझं मत आहे. खेप वाचवलीत की उत्तर लवकर येतं.

‘अर्जंट’ हा शब्द मात्र फार कामाचा नाही. नळाची तोटी गळाली तरी लोक अर्जंट लिहितात.

पैसे कोणी द्यायचे?

रेग्युलेटर घरमालकाचाही नसतो, तुमचाही नसतो. तो गॅस कंपनीचा असतो, अनामत रक्कम घेऊन वापरायला दिलेला. जून २०२२ पासून नव्या कनेक्शनला ही अनामत २५० रुपये आहे. रेग्युलेटर आपल्या आपण बिघडला तर एजन्सी तो बदलून देते, त्याची किंमत घेत नाही. तुटला, हरवला तर मात्र भरावे लागतात. बदलताना कनेक्शनचा कागद मागतात, ज्याला सब्सक्रिप्शन व्हाउचर म्हणतात. तो घरमालकाकडे असतो. म्हणून रेग्युलेटरच्या बाबतीत तुम्हाला घरमालकाकडून पैसे नको असतात, कागद हवा असतो.

इथे भाड्याच्या घरांत एक गोम निघते. आधीचा भाडेकरू स्वतःचं कनेक्शन घेऊन गेला आणि जाताना रेग्युलेटरची अदलाबदल झाली, किंवा कोणीतरी बाजारातून आणलेला रेग्युलेटर बसवला. मग एजन्सी म्हणते, हा आमचा नाही, बदलून देणार नाही. बरोबरच आहे तिचं. दाब दाखवणारी तबकडी असलेले रेग्युलेटर ऑनलाइन मिळतात, ते बघून लोक हरखतात. घरात तसला असेल तर घरमालकाला सांगून कनेक्शनवरचा मूळ रेग्युलेटर परत मिळवा.

नळी विकत घ्यावी लागते. एजन्सीत मिळणारी केशरी, आत तारेची जाळी असलेली सुरक्षा नळी साधारण दोनशे रुपयांच्या घरात येते. तिच्यावर आयएसआयचा शिक्का आणि साल छापलेलं असतं, आणि ती पाच वर्षांनी बदलायची असते, भेग पडलेली असो वा नसो. लांबी जास्तीत जास्त दीड मीटर. शेगडी लांब पडते म्हणून दोन नळ्या जोडून वापरलेल्या मी बघितल्या आहेत, मध्ये तांब्याची नळी घालून. असं काही दिसलं तर फोटो काढा आणि गॅस वापरणं थांबवा.

नळीचे पैसे कोणाचे? अॅग्रीमेंटमध्ये गॅस, शेगडी घरमालकाच्या सामानाच्या यादीत असेल तर नळी त्यांनी द्यावी हे सरळ आहे. कनेक्शन तुमचं असेल तर तुम्ही. यादीत काहीच नसेल तर दोनशे रुपयांसाठी तीन दिवस वास घेत बसू नका. तुम्ही बदला, पावती पाठवा, पुढच्या भाड्यात वळते करून घेऊ का असं विचारा. न विचारता मात्र कापू नका.

गळती बघायला आलेल्या मेकॅनिकने ‘व्हिजिटचे’ पैसे मागितले तर पावती मागा. गळतीच्या तक्रारीसाठी येणं फुकट असतं. पावतीचं नाव काढलं की बहुतेकदा मागणं थांबतं. आमच्याही पोरांचं थांबायचं.

घरमालक उत्तरच देत नाहीत. कायदा काही म्हणतो का?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं घरमालकाचं काम. लेखी नोटीस देऊन किमान पंधरा दिवसांनीही त्यांनी दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती स्वतः करून भाड्यातून खर्च वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. पण आजकाल बहुतेकांचं अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स असतं. कायद्याच्या भाषेत तुम्ही तेव्हा भाडेकरू नसता, परवानाधारक असता, आणि तुमचं बरंचसं त्या करारातल्या शब्दांवर ठरतं. शिवाय गॅसच्या गळतीला पंधरा दिवस कोण थांबणार?

खरं सांगायचं तर इथे कायद्यापेक्षा एजन्सी जवळची आहे. घरमालक गप्प असले तरी १९०६ वरची तक्रार थांबत नाही. मेकॅनिक येतो, रिंग बदलतो, नळी बसवून देतो. सोसायटीच्या सेक्रेटरीला त्याच रात्री सांगून ठेवा. तुमच्या घरातला गॅस जिन्यातून खालच्या घरात जाऊ शकतो, त्यामुळे त्याने घरमालकाला केलेला फोन तुमच्या दहा मेसेजांइतका चालतो.

काही झालंच तर विमा असतो म्हणतात. भाडेकरूला मिळतो का?

तेल कंपन्यांचा सार्वजनिक दायित्व विमा असतो, ग्राहकाला वेगळा हप्ता भरावा लागत नाही. मृत्यू झाल्यास माणशी सहा लाख, उपचारांसाठी माणशी दोन लाखांपर्यंत, आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी दोन लाखांपर्यंत. शेवटची रक्कम कनेक्शन ज्या पत्त्यावर नोंदवलंय त्या पत्त्यावरच्या नुकसानीसाठी असते. भाडेकरूने बघायचं ते इथेच. घरमालकाने स्वतःच्या राहत्या घरचा जास्तीचा सिलिंडर तुमच्या फ्लॅटवर आणून ठेवला असेल तर नोंदलेला पत्ता वेगळा निघतो. पुस्तकाचा फोटो मागवलात की पत्ताही वाचा. दुसरा असेल तर घरमालकाला तो बदलून घ्यायला सांगा, नाहीतर स्वतःचं कनेक्शन घ्या. नोंदणी केलेला भाडेकरार पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. थोडे दिवसच राहायचं असेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर फक्त ओळखपत्रावर मिळतो, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही.

मेकॅनिक येऊन गेला. आता गॅस लगेच वापरू?

त्याच्यासमोर फेस लावून घ्या: झडपेपाशी, नळीच्या दोन्ही टोकांना, शेगडीच्या बटणांपाशी. नळी रेग्युलेटरच्या आणि शेगडीच्या नोझलवर पूर्ण आत गेली आहे का ते बघा. नवी नळी घट्ट असते, म्हणून घाईत अर्धीच चढवतात. मग एखादा बर्नर पेटवून ज्योत बघा. निळी आणि स्थिर हवी.

पुढचा सिलिंडर येईल तेव्हा पोचवायला आलेल्या माणसाला दारातच सांगा, ‘दादा, वायसर बघून द्या.’ टोपी काढून झडपेवर पाण्याचे थेंब टाकतात. बुडबुडे आले तर सिलिंडर तिथूनच परत पाठवायचा. त्याला घाई असते, चार मजले चढून आलेला असतो, कुरकुर करेल. पाणी विचारा, पण बघून घ्या.

नळी मी माझ्या पैशाने घातली. घर सोडताना काढून नेऊ का?

नका नेऊ. नोझलवरून उपटलेली नळी टोकाला सैल होते, दुसरीकडे नीट बसत नाही. आणि तुम्ही काढलीत की त्या जागी कोणीतरी माळ्यावरची जुनी हिरवी नळी शोधून लावणार. नळीवरच्या सालाचा फोटो काढा, पावतीबरोबर घरमालकाला पाठवा, आणि डिपॉझिटचा हिशोब होईल तेव्हा तिचेही पैसे मांडा. धनकवडीच्या काकांनी दिले होते, वर रिंग कुठली ते दाखवा म्हणून आमच्या एजन्सीतही आले होते.